त्र्यंबकची वारी आणि सकाळी ७:५० ला संपणारी बारस: पारणं कसं साधायचं?

सिडकोची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाई दरवर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जातात, आमच्या भागातल्या दिंडीबरोबर. ह्यावेळी मीही निघालेय. शुक्रवारी एकादशी, रात्री तिथेच कीर्तन आणि जागर, शनिवारी दिंडीची पंगत आणि मग घरी.

अडचण अशी की घरच्या पंचांगात द्वादशी शनिवारी सकाळी ७:५० ला संपते असं आहे. सूर्योदय ७:१० च्या आसपास. सासूबाई म्हणतात, बारस संपायच्या आत उपास सुटला नाही तर एकादशी केलीच नाही असं होतं. पंगत काही साडेअकराच्या आत बसत नाही. थंडीत, त्या गर्दीत, चाळीस मिनिटांत आम्ही अंघोळ, पूजा, नैवेद्य करून जेवणार कसं? आणि पारण्याला म्हणायचं काय असतं तेही सांगा. त्यांना हरिपाठ पाठ आहे, पण त्यांच्या आई पारण्याआधी एक संस्कृत श्लोक म्हणायच्या तो आता आठवत नाही.

---

मीनल_गंगापूररोड

ताई, साबुदाणा आदल्या रात्रीच भिजवून ठेवा. पाणी साबुदाण्याच्या वर जेमतेम यावं इतकंच, जास्त झालं की गोळा होतो. भिजवण्याआधी दोनदा हलक्या हाताने धुवा म्हणजे वरचं पीठ जातं. दाण्याचं कूट आणि मीठ-साखर आधीच चोळून ठेवलं की प्रवासातही खिचडी मोकळी राहते. सोबत रताळ्याचा कीस न्या, गार झाला तरी खाववतो.

---

सिडकोची_सून

मीनलताई, धन्यवाद, पण मी उपासाला काय खायचं ते नाही विचारत. उपास *सोडायचा* कधी आणि कसा ते विचारतेय.

---

पंचवटीकर

घाई करू नका. द्वादशीला सकाळी हरिवासर असतो, तो संपेपर्यंत तोंडात काही घालायचं नसतं. आमच्याकडे आजीपासून पद्धत आहे, दहा-साडेदहाशिवाय पान वाढत नाहीत. चैत्रातल्या एकादशीला इथे रथ असतो, रात्री उशीर होतो, तरी दुसऱ्या दिवशी सगळे थांबतात. आणि बारस संपली तरी त्रयोदशीत पारणं चालतं, आम्ही केलेलं आहे. तुम्ही खुशाल पंगतीत जेवा.

---

अण्णा_जुनं_नाशिक

पंचवटीकर, हरिवासर पाळायचा असतो हे बरोबर. तो सकाळीच असतो हे बरोबर नाही. द्वादशी तिथीचा पहिला चौथा भाग म्हणजे हरिवासर. तिथी केव्हा लागली त्यावर तो दिवसा पडतो, रात्री पडतो, किंवा आदल्या दिवशीच उरकतो.

ह्यांचंच गणित करू. सूनबाई, पंचांगात शुक्रवारच्या रकान्यात एकादशी किती वाजता संपते ते बघून सांगा.

---

सिडकोची_सून

शुक्रवारी सकाळी ९:२० ला.

---

अण्णा_जुनं_नाशिक

म्हणजे द्वादशी शुक्रवारी ९:२० ला लागली आणि शनिवारी ७:५० ला संपली. एकूण साडेबावीस तास. त्याचा चौथा भाग साडेपाच तासांहून थोडा जास्त, पाच तास सदतीस मिनिटं धरा. ९:२० मध्ये ते मिळवले की शुक्रवारी दुपारी तीनच्या जरा आधी हरिवासर संपतो. तेव्हा तर तुमचा उपास चालूच आहे. शनिवारी सकाळी हरिवासराचा प्रश्नच उरत नाही. सूर्य उगवला की पारणं करायला मोकळ्या.

पंचवटीकरांच्या आजी थांबायच्या ते ज्या वर्षी द्वादशी पहाटे लागते त्या वर्षी अगदी योग्य. समजा द्वादशी पारण्याच्या दिवशीच पहाटे ५:१० ला लागली आणि दुसऱ्या पहाटे ४:०५ पर्यंत आहे. चौथा भाग पावणेसहा तासांच्या आसपास येतो, म्हणजे हरिवासर संपायला ११ वाजतात. तिथे सकाळी सातला जेवणारा चुकतो. इथे अकरापर्यंत थांबणारा चुकेल. घरात वर्षानुवर्षं एकच वेळ पाळली जाते आणि तिथी मात्र दर वेळी सरकते, हे त्याचं मूळ.

त्रयोदशीबद्दल. उपासाच्या दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला द्वादशी शिल्लकच नसेल, तर त्रयोदशीत पारणं करतात. भागवत मंडळींचा उपास कधी कधी द्वादशीवर जातो, तेव्हा हे होतं. पण द्वादशी हातात असताना ती घालवून त्रयोदशीत जेवणं ही वेगळी गोष्ट. शनिवारी सूर्योदयानंतर चाळीस मिनिटं द्वादशी आहे, म्हणजे ती पाळायची.

---

पंचवटीकर

अण्णा, तुमचं गणित मान्य. पण आमच्या घरात सकाळी सातला भात कधी शिजला नाही आणि शिजणारही नाही.

---

अण्णा_जुनं_नाशिक

भात शिजायलाच हवा असं कुठे म्हटलं मी?

द्वादशी इतकी थोडी असेल तर दोन वाटा सांगितल्या आहेत. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांचा धर्मसिंधु १७९० च्या सुमाराचा. आपल्याकडचे बहुतेक भटजी त्यावरूनच सांगतात. पहिली वाट अशी की सकाळची आणि दुपारची सगळी कर्मं पहाटेच उरकून घ्यायची आणि द्वादशी असेतो जेवायचं. दुसरी, तेही जमत नसेल तर पाण्याने पारणं करायचं. पळीभर पाणी प्यायलं की पारणं झालं, जेवण नंतर सवडीने.

पाणीच का, ह्याला जुना आधार आहे. पाणी हे खाल्लेलंही धरतात आणि न खाल्लेलंही. व्रताच्या बाजूने बघितलं तर पारणं झालं. पाहुण्याच्या किंवा देवाच्या बाजूने बघितलं तर यजमान अजून जेवलेला नाही. अंबरीष राजाची गोष्ट ह्याच पेचाची आहे. आपण दशावतारांच्या आरतीत अंबऋषी म्हणतो, तोच हा. दुर्वास जेवायला येतो म्हणून नदीवर गेले आणि तिकडेच रमले, इकडे द्वादशी संपत आली. अतिथीच्या आधी जेवलं तर अपमान, नाही जेवलं तर व्रत बुडतं. राजाने ब्राह्मणांना विचारलं आणि पाणी प्यायला. दुर्वास तरी रागावलेच, तो भाग निराळा.

सासूबाईंना सांगा, दिंडीची पंगत दुर्वासांसारखी उशिराच बसणार. सव्वासातला पळीभर पाणी घ्या आणि पंगतीची वाट बघा.

---

वारकरी_सिन्नर

राम कृष्ण हरी. माउली, आमची दिंडी पिढ्यान् पिढ्या त्र्यंबकला येते. आम्ही कुणी पंचांग घेऊन बसत नाही. सकाळी काकडा होतो, नाथांच्या समाधीचं दर्शन होतं, मग तुळशीचं तीर्थ घेतो, बारस तिथेच सुटली. नंतर पंगत. तीर्थ म्हणजे पाणीच की. अण्णांनी ग्रंथातून सांगितलं ते आमच्यात रीत म्हणून आहेच. फक्त काकडा आणि दर्शन सातनंतर लांबलं तर बघावं लागेल, गर्दी फार असते.

---

सिडकोची_सून

किती बरं वाटलं! पण तुळस? सासूबाई म्हणतात द्वादशीला तुळस तोडायची नाही. मग तीर्थात घालायची कुठून?

---

वारकरी_सिन्नर

खरंय त्यांचं, द्वादशीला तोडत नाहीत. दशमीला, गुरुवारी दुपारीच खुडून ओल्या फडक्यात बांधून घ्या. तुळस शिळी होत नाही. बऱ्याच घरांत एकादशीलाही तोडत नाहीत, म्हणून दशमीच धरा.

---

शुभदा_देवळाली

आमच्याकडे एकादशीला तोडतात, फक्त द्वादशीला नाही. प्रत्येकाचं वेगळं.

---

भगरवाला_नाशिक

विषय निघालाच आहे म्हणून. माझं भगरीचं दुकान आहे. एकादशीच्या आधी आणि नवरात्रात मागणी वाढते तेव्हा सुटी भगर पोत्यातून उघड्यावर विकली जाते. पावसाळी, दमट हवेत तिच्यात बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं असे प्रकार त्यातूनच होतात. दिंडीत एकाच पातेल्यातून पाचशे माणसं जेवतात, तेव्हा ही गोष्ट छोटी नाही.

ओळखायचं कसं? मुठीत घेऊन वास घ्या, कुबट आला तर परत करा. दाणे एकमेकांना चिकटलेले, गुठळ्या झालेल्या, काळसर ठिपके असले तर नको. पण नजरेला स्वच्छ दिसणारी भगरही बाधलेली असू शकते, म्हणून बंद पाकीट, तारीख बघून, आणि एका वेळी लागेल तेवढीच घ्या. भगरीचं पीठ दळून आणून महिनाभर ठेवणं तर अजिबात नको. पीठ दाण्याहून लवकर ओल धरतं.

शिजवायचं माप: एक वाटी भगर तुपावर जिऱ्यात परतून अडीच ते तीन वाट्या उकळतं पाणी. दाण्याच्या आमटीबरोबर खायची तर तीन.

---

तर्कटराव

सगळं वाचलं. एक शंका. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा टॅपिओका कंद आणि राजगिरासुद्धा, हे सगळं मूळ अमेरिकेतलं. पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर इकडे आलं. म्हणजे ज्या ग्रंथांत एकादशी सांगितली, ती लिहिणाऱ्यांनी आपल्या ताटातलं निम्मंअधिक कधी पाहिलंच नव्हतं. मग हे 'चालतं' कुणी ठरवलं?

उलट भगर चांगलं जुनं धान्य आहे, गवताच्या कुळातलं. ती धान्य असून चालते आणि तांदूळ चालत नाही, हे कसं?

---

शुभदा_देवळाली

तर्कटराव, तुम्ही उपास करता का आधी ते सांगा.

---

तर्कटराव

करतो. आईसाठी. आणि साबुदाणा वडे फार आवडतात.

---

अण्णा_जुनं_नाशिक

ठरवलं घराघरांनी. ग्रंथांत जे मूळ आहे ते निराहार, नाहीतर फळ-मूळ-दूध. रताळं मूळ म्हणून आलं, त्याच्यामागून बटाटा आला. भगरीचं म्हणाल तर कडक पाळणारे तीही वर्ज्य करतात. इस्कॉनमध्ये सगळीच तृणधान्यं आणि कडधान्यं वर्ज्य असतात. आपल्या घाटाखालच्या-घाटावरच्या खेड्यांत वरई पिकते आणि इथल्या गिरण्यांत सडली जाते, ती ताटात येणारच. मला हा वाद कुठे संपलेला दिसला नाही.

---

अनघा_इंदिरानगर

मला एक विचारायचंय, थोडं विषयाला सोडून. माझे बाबा मधुमेही आहेत, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. एकादशी सोडत नाहीत. मागच्या वेळी दुपारी घाम आला, हात थरथरायला लागले, मशीनवर साखर ६२. साखरेचं पाणी दिलं, दहा-पंधरा मिनिटांत सावरले. पण नंतर दिवसभर हळहळले की एकादशी मोडली. सकाळपासून त्यांनी फक्त दूध घेतलं होतं. साखरेचं पाणी घेतल्याने खरंच मोडते का?

---

औषधवाला_कॉलेजरोड

अनघाताई, मी औषधाच्या दुकानात आहे, डॉक्टर नाही, पण एवढं सांगतो. ती गोळी पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणते. गोळी घेऊन उपाशी राहिलं की हे होतं. ७० च्या खाली गेली तर पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, लगेच, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ह्याची उलट बाजूही आहे: वाटीभर साबुदाणा खिचडी खाल्ली की तासाभरात साखर एकदम वर जाते. उपासाच्या दिवशी ती गोळी घ्यायची का, किती घ्यायची हे बाबांच्या डॉक्टरांना एकादशीच्या *आधी* विचारून लिहून घ्या. मनाने बंद करू नका.

---

अण्णा_जुनं_नाशिक

बाबांना सांगा, मोडली नाही. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं सांगणारा एक श्लोक सगळ्या भटजींना पाठ असतो:

अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं सांगणं आणि औषध. त्या घटकेला साखरेचं पाणी हे औषधच होतं. आणि औषधवाल्यांनी सांगितलेलं डॉक्टरांचं बघाच.

---

अनघा_इंदिरानगर

बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

---

सिडकोची_सून

अण्णा, आता तो पारण्याचा श्लोक.

---

अण्णा_जुनं_नाशिक

पारण्याचा असा:

अज्ञानतिमिरान्धस्य व्रतेनानेन केशव ।
प्रसीद सुमुखो नाथ ज्ञानदृष्टिप्रदो भव ॥

अज्ञानाच्या अंधारात आंधळा झालेल्या माझ्यावर ह्या व्रताने प्रसन्न हो आणि ज्ञानाची दृष्टी दे, असं मागणं आहे. हातात पाणी घेऊन म्हणायचं, व्रत केशवाला अर्पण म्हणून ते ताम्हनात सोडायचं, मग तुळशीचं तीर्थ.

ह्याची जोडी आदल्या दिवशीच्या संकल्पाशी आहे. एकादशीला सकाळी म्हणतात:

एकादश्यां निराहारो भूत्वाहमपरेऽहनि ।
भोक्ष्यामि पुण्डरीकाक्ष शरणं मे भवाच्युत ॥

एकादशीला निराहार राहून दुसऱ्या दिवशी जेवेन, असा शब्द इथेच दिलेला असतो. म्हणून दुसऱ्या दिवशीचं जेवण हा सुद्धा व्रताचाच भाग. सासूबाई द्वादशीसाठी अडून बसल्यात त्याचं कारण हेच. फळं खाऊन उपास करणाऱ्यांनी हा 'निराहारो' म्हणायचा का, ह्यावर मात्र मी दोन भटजींना एकाच ओट्यावर भांडताना ऐकलंय.

---

वारकरी_सिन्नर

आम्ही काही संस्कृत म्हणत नाही. पुंडलिक वरदा झालं, तीर्थ घेतलं, की बारस सुटली. पंगतीत बसल्यावर श्लोक होतात, मग पहिला घास. म्हातारी माणसं पंगतीला बोलावताना 'जेवायला या' म्हणत नाहीत, 'बारस सोडायला या' म्हणतात. तेवढ्याने माणूस नाही म्हणत नाही.

---

पंचवटीकर

आमच्याकडे 'उपास मोडायला' म्हटलं की आजी ओरडायची. मोडायचा नाही, सोडायचा.

---

शुभदा_देवळाली

मला पाण्याने पारणं पटत नाहीये हो. एकादशीलाही पाणी पितोच की आपण! निर्जळा केली तर ठीक. दिवसभर पाणी प्यायलो आणि सकाळी परत पाणी प्यायलं, तर सुटलं काय? आमच्याकडे धान्याचा एक तरी दाणा जिभेला लागल्याशिवाय पारणं धरत नाहीत.

---

अण्णा_जुनं_नाशिक

शुभदाताई, प्रश्न रास्त आहे. मला गुरुजींनी दिलेलं उत्तर असं की एकादशीचं पाणी तहानेचं आणि द्वादशीचं पाणी संकल्पाचं. पारणं म्हणून, श्लोक म्हणून घेतलेलं पाणी ते पारण्याचं. तुम्हाला तेवढ्याने समाधान होत नसेल तर धान्याचा दाणा घ्या, त्याला कुणाची हरकत नाही.

---

शुभदा_देवळाली

मग सूनबाई, साळीच्या लाह्या न्या. धान्यच आहे, भाजलेलं, शिळं होत नाही, शिजवायला नको. पुरचुंडीत मूठभर लाह्या आणि गुळाचा खडा. देवाला दाखवायचा, तीर्थ घ्यायचं, चार लाह्या तोंडात टाकायच्या. ७:५० च्या आत दोन्ही पक्षांचं समाधान.

---

मीनल_गंगापूररोड

आणि ही षट्तिला एकादशी आहे ना? तिळाचे लाडू न्या की! तीळ ह्या एकादशीला मुद्दाम खातात, दानही करतात.

---

शुभदा_देवळाली

तीळ एकादशीला. पारण्याला तीळ धान्यात धरायचे का, मला नाही वाटत. जे उपासाला चालतं त्यानेच उपास सोडायचा म्हणजे गंमतच.

---

तर्कटराव

तीळ मात्र इथलेच, हजारो वर्षं जुने. नोंद असू द्या.

---

विदर्भकन्या_सध्या_नाशिक

एक तांत्रिक गोष्ट. माझी आई नागपूरला तीच एकादशी करते. फोनवर तिला द्वादशी ७:५० पर्यंत म्हटलं तर ती म्हणाली माझ्याकडे तासभर आहे. आम्हाला वाटलं तिचं पंचांग वेगळं. पंचवटीतल्या गुरुजींनी उलगडा केला: तिथी संपण्याची घड्याळी वेळ सगळ्या देशात एकच असते, सूर्योदय मात्र गावागणिक बदलतो. नागपूरला सूर्य आपल्याआधी वीस-एक मिनिटं उगवतो. म्हणून तिच्याकडे तासभर, आपल्याकडे चाळीस मिनिटं. मोबाईलवर पंचांग बघताना गाव नाशिक आहे ना ते तपासा. माझ्यावर दुसरंच शहर निघालं होतं.

---

अण्णा_जुनं_नाशिक

उत्तम सांगितलंत. म्हणजे नाशिककरांना ह्या बाबतीत नेहमी थोडी घाईच.

---

सिडकोची_सून

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा बेत असा ठरलाय. गुरुवारी दुपारी तुळस खुडायची, एक वेळ जेवायचं. पाण्याची छोटी बाटली, तांब्याची पळी-भांडं, लाह्या आणि गूळ वेगळ्या पिशवीत. शनिवारी पहाटे पाचला उठून अंघोळ. काकड्याला जायचं, पण सव्वासातला जिथे असू तिथे रांगेतून बाजूला व्हायचं, श्लोक, तीर्थ, चार लाह्या. दर्शन आणि पंगत नंतर.

दर्शनाआधी पारणं करणं मला थोडं खटकतंय, त्यांना नाही. त्या म्हणाल्या, नाथ कुठे जात नाहीत, बारस जाते.

श्लोक मी मोठ्या अक्षरात लिहून दिलाय. 'तिमिरान्धस्य' वर अडखळतात, पण होईल पाठ.

---

वारकरी_सिन्नर

रांगेतून बाजूला झालात तर परत शिरू देत नाहीत कुणी, हे लक्षात ठेवा. एकीने रांग धरा, दुसरीने तीर्थ द्या. उभ्याउभ्या घेतलं तरी चालतं.

---

पंचवटीकर

उभ्याने पारणं? आता ह्यावर नवा धागा काढा.

---

अनघा_इंदिरानगर

विषय चालूच आहे तर, पुढच्या एकादशीला पंचांगात स्मार्त आणि भागवत असे दोन दिवस दाखवलेत. बाबा शनिवारची करायची म्हणतात, आई शुक्रवारची. अण्णा, दशमी पहाटे ५:५० ला संपते आणि सूर्योदय ७:०८ ला. कुणाचं बरोबर?

---

अण्णा_जुनं_नाशिक

दोघांचं, आपापल्या जागी. सूर्योदयाआधीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. ७:०८ मधून वजा केले की ५:३२ येतात. त्या वेळी अजून दशमी चालू आहे, तिचा वेध लागला. भागवत संप्रदायाला तो वेध चालत नाही, ते दुसऱ्या दिवशी उपास करतात. स्मार्त सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते बघतात, त्या वेळी एकादशी आहे, त्यांचा उपास शुक्रवारी. बाबा माळकरी आहेत का?

---

अनघा_इंदिरानगर

बाबांनी माळ घातलीय, आईने नाही. म्हणजे घरात दोन दिवस खिचडी.

---

मीनल_गंगापूररोड

भिजवताना पाणी बेताचं घाला फक्त.